त्रास काहीच नाही, मग रक्त पातळ करणारी गोळी कशाला?

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नाडी बघताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय अनेकांना असते. आजच्या विषयापुरती ती सोडा. बोटं मनगटावर पूर्ण एक मिनिट ठेवा आणि आकड्याआधी ताल बघा. श्वासाबरोबर नाडी थोडी कमी-जास्त होते, मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, त्याने घाबरू नका. पण दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं असेल, कुठलाच ताल सापडत नसेल, तर ईसीजी काढायला हवा. एट्रियल फिब्रिलेशन, आम्ही ज्याला नुसतं एएफ म्हणतो, त्याचं निदान ईसीजीवरच होतं. मनगटावर फक्त शंका येते.

एका बाईंचं उदाहरण घेऊ. वय अडुसष्ट, बीपीची आणि मधुमेहाची गोळी चालू. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, त्यात एएफ दिसलं. छातीत धडधड नाही, दम लागत नाही, रोज देवळापर्यंत चालत जातात. डॉक्टरांनी ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली तेव्हा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आईला तर काही होतच नाहीये!" प्रश्न अगदी रास्त आहे.

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बोटाएवढी एक पिशवी असते. ओढ्याच्या वळणावर आडोशाला पाणी साचतं, तसं त्या पिशवीत रक्त रेंगाळतं आणि तिथे गुठळी धरते. झडपा ठीक असलेल्या पेशंटमध्ये बहुतेक गुठळ्या इथेच सापडतात. तिथून सुटलेली गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. ती आकाराने मोठी असल्यामुळे मोठी रक्तवाहिनी बंद करते, म्हणून एएफमुळे येणारा पक्षाघात बहुधा जबर असतो.

आता बघा, धडधड होते ती खालचे कप्पे वेगाने धावतात म्हणून. गुठळी होते ती वरचा कप्पा थरथरतो म्हणून. नाडी आटोक्यात असेल तर एएफ वर्षानुवर्षं कळत नाही, आणि गुठळी तरीही धरू शकते. म्हणजे त्रास किती होतो यावरून धोका किती आहे हे ठरत नाही. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने नाडी मंदावते, माणसाला बरं वाटतं, पण गुठळीवर तिचा काही परिणाम नाही.

मग धोका ठरतो कशावरून? आम्ही गुण मोजतो. वय पासष्ट ते चौऱ्याहत्तर असेल तर एक, पंचाहत्तर झाली की दोन. बीपी, मधुमेह, हार्ट फेल्युअर आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. जुन्या पद्धतीत बाई असण्याचाही एक गुण होता. 2024 च्या युरोपीय मार्गदर्शनात तो काढला आहे. दोन किंवा जास्त गुण झाले की गोळी द्यावी असा नियम. आपल्या बाईंचे तीन झाले. एएफ कधी येऊन कधी जाणारं असलं तरी मोजणी हीच.

तीन गुणांना गोळीशिवाय पक्षाघाताचा धोका वर्षाला शंभरात साधारण तीन-चार. एका वर्षाचा आकडा किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांत तो शंभरात तीसच्या आसपास जातो. गोळीने त्यातला जवळपास दोन तृतीयांश धोका टळतो.

गोळी फुकट काम करत नाही, हेही सांगतो. मोठा रक्तस्राव वर्षाला शंभरात दोन-तीन जणांना होतो. म्हटलं तर आकडे जवळजवळ सारखेच. पण त्यातला बराचसा पोटातला असतो आणि त्यावर उपचार होतात. पक्षाघाताने गेलेला हात किंवा गेलेली वाचा मात्र पुष्कळदा परत येत नाही. मेंदूतला रक्तस्राव ही खरी भीती; ॲपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांमध्ये तो वॉरफरिन या जुन्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीपेक्षा बराच कमी होतो. काळी शी, लघवीतून रक्त किंवा डोक्याला मार लागला तर वाट बघत बसू नका. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खाणंही बंद.

"त्यापेक्षा साधी ॲस्पिरिन द्या ना," असं दर आठवड्याला कोणीतरी म्हणतं. एएफच्या गुठळीवर ॲस्पिरिन फार कमी चालते. 2011 च्या ॲव्हेरोज चाचणीत ॲपिक्साबॅनने पक्षाघात ॲस्पिरिनपेक्षा निम्म्याहून कमी झाले, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच होता.

आपल्याकडे एक अपवाद महत्त्वाचा आहे. लहानपणच्या संधिवाती तापाने मायट्रल झडप अरुंद झाली असेल, तर गुण मोजत बसायचं नाही. तिथे वॉरफरिन किंवा त्याच जातीची ॲसिट्रॉमच, आणि रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी आयएनआर ही तपासणी दोन ते तीनच्या मध्ये. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा पेशंटमध्ये नवी गोळी मागे पडली.

शेवटी त्या मुलाने विचारलं, "ताल परत नीट झाला की बंद करायची ना?" नाही. 2002 च्या ॲफर्म चाचणीत ताल सुधारण्याची औषधं दिलेल्या गटातही पक्षाघात झाले, आणि बहुतेक त्यांनाच, ज्यांनी वॉरफरिन सोडलं होतं किंवा ज्यांचा आयएनआर दोनच्या खाली होता. त्यामुळे बाईंची सकाळ-संध्याकाळची गोळी चालूच आहे. वर्षातून निदान एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि रक्तासाठी हिमोग्लोबिन तपासायचं. दात काढायचा असला, तरी गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, आधी विचारायचं. कारण एक-दोन दिवसांतच तिचा असर उतरतो.