दवाखान्याच्या फोनवरचे सहा आणि दहा

श्रोतेहो, नमस्कार. मी आवाज देण्याचं काम करते. मध्यंतरी सिंहगड रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यासाठी फोनवरचं स्वागत रेकॉर्ड केलं. हेडफोनवर ते स्वच्छ वाजलं. मग स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर उभी राहून मी तोच नंबर लावला, तर 'संध्याकाळी सहा ते नऊ'चं मला 'दहा ते नऊ' ऐकू आलं!

साधा फोन आवाजाचा 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवतो. 'स'ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. ती छाटली गेली की सहा आणि दहा सख्खे भाऊ होतात. जोरात बोलून उपयोग नाही, आवाज फाटतो. मी वाक्यच बदललं: 'दवाखाना संध्याकाळी उघडतो सहा वाजता.' मग क्षणभर थांबून, 'सहा ते नऊ.' आकडा दोनदा आला की कान चुकत नाही.

क्रमही बदलावा लागला. आधीच्या मजकुरात पहिली वीस सेकंद डॉक्टरांच्या पदव्यांत जात होती आणि तातडीची सूचना शेवटी होती. घाबरलेला माणूस तिथवर थांबत नाही. आता सुरुवात अशी आहे: 'नमस्कार, दवाखान्यात आपलं स्वागत. छातीत दुखत असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर इथे थांबू नका, एक शून्य आठला फोन करा.' वेळा त्यानंतर.

होल्डवर डॉक्टरांना सतार हवी होती. पण मोबाइलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते, तिच्यातून सतारीच्या तारा पाण्याखाली वाजल्यासारख्या येतात. एकट्या बासरीची हळू धून त्या मानाने निभावली. पूर्ण शांतता मात्र नको, फोन कटला असं वाटून लोक ठेवून देतात.

त्या धुनेच्या मधेमधे सेवांची ओळख आहे. माणूस कधीही मधूनच ऐकू लागतो, म्हणून प्रत्येक तुकडा दहा-बारा सेकंदांचा आणि आपल्यापुरता पूर्ण ठेवला. 'आमच्याकडे रक्तातली साखर तपासली जाते' एवढंच सांगितलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागलं? म्हणून पुढे जोडलं: 'उपाशीपोटीच्या तपासणीआधी किमान आठ तास पाण्याशिवाय काही घेऊ नका.' लसीकरणाच्या तुकड्यात 'बाळाचं लसीकरण कार्ड सोबत आणा' आलं. आजी-आजोबांना फोनवर हेच परत परत विचारावं लागतं, मला त्यांची फार काळजी वाटते.

दुसरं रेकॉर्डिंग डॉक्टरांच्या घरी केलं, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर, पंखा बंद करून. कपडे आवाजाचा घुमारा पिऊन टाकतात. माइक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा वारा थेट त्यावर आदळत नाही. वेळांचं वाक्य मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. दिवाळीत दवाखान्याची वेळ बदलेल, तेव्हा तेवढंच नव्याने रेकॉर्ड करायचं आहे.