ऑटो-रिप्लायला ऑटो-रिप्लाय म्हणा

तर आता आपण फराळाचंच उदाहरण घेऊ, कारण इथे बसलेल्या निम्म्या जणी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतातच. रात्री अकराला कोणीतरी मेसेज टाकतं, ‘ताई, २ किलो चकली हवी होती’, आणि तुमच्या बिझनेस व्हॉट्सॲपवरून लगेच जातं, ‘धन्यवाद! तुमचा मेसेज मिळाला 🙏’. तिला वाटतं झाली ऑर्डर. तुम्ही मात्र झोपलेल्या असता, आणि सकाळी बघता तर त्या तारखेचं बुकिंग कालच फुल झालेलं, मग ती म्हणणार की रात्री हो म्हणालात ना, आता काय झालं.

म्हणून पहिलीच ओळ अशी टाका: ‘हे उत्तर आपोआप गेलंय. मी स्वतः सकाळी १० नंतर मेसेज बघते. मी “कन्फर्म” लिहीपर्यंत ऑर्डर पक्की धरू नका.’ बस, एवढंच. ‘आमची टीम लवकरच संपर्क करेल’ वगैरे नको, टीम म्हणजे तुम्ही आणि तुमच्या सासूबाई, ते गिऱ्हाईकाला माहीत असतं हो.

आता ही ओळ टाकायची कुठे? बऱ्याच जणी फक्त ग्रीटिंग मेसेजमध्ये टाकतात. पण ग्रीटिंग जातो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, नाहीतर १४ दिवस काहीच बोलणं झालेलं नसेल त्याला. म्हणजे जी गेल्या आठवड्यातच लाडू घेऊन गेली, तिला ती ओळ दिसतच नाही, आणि रात्री अकराला हक्काने मेसेज टाकणारी नेमकी तीच असते! तेव्हा अवे मेसेजमध्येही तीच ओळ हवी, आणि त्याची वेळ ‘कामाच्या वेळेबाहेर’ अशी लावा, ‘कायम’ नको, नाहीतर तुम्ही समोर बसून बोलताय आणि मध्येच ‘मी सकाळी बघते’ जातंय.

मग नेहमीचे प्रश्न. भाव, पिनकोड, किती दिवस आधी सांगायचं, हे खुशाल आपोआप जाऊ दे, भावाला फक्त तारीख टाका, कारण तेल महागलं की भाव बदलतो. पण एक प्रश्न चुकूनही ऑटोवर सोडू नका: ‘चकलीत शेंगदाणे आहेत का?’ भाजणीत शेंगदाणे नसतात, म्हणून तुम्ही ‘नाही’ असं तयार उत्तर लिहून ठेवाल. पण तळण शेंगतेलाचं असलं तर? आणि त्याच परातीत आधी चिवडा कालवला असेल तर? ज्याला ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ते ‘नाही’ खोटं ठरतं. तिथे असं लिहा: ‘ॲलर्जीबद्दल आपोआप उत्तर देत नाही, प्लीज फोन करा, दुपारी ४ ते ७.’ आणि त्या वेळेत फोन उचला मात्र.

भाऊबीज झाली की हे सगळं उघडून बदला, नाहीतर डिसेंबरातही ‘दिवाळी बुकिंग सुरू’ जात राहतं.