दंडातला उंदीर, ताटातला पाव

[दृश्य : आठ-नऊ वर्षांचा मुलगा मूठ आवळून हात कोपरात दुमडतो.]

"बेटकुळी दाखव बघू!" म्हटलं की दंडावर टरारून गोळा वर येतो. बेटकुळी म्हणजे मुळात छोटी बेडकी. आपल्या लोकांना कातडीखाली बेडकी दिसली. रोमन लोकांना उंदीर दिसला. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे इवलासा उंदीर. त्याचाच पुढे मसल झाला. आपल्या गणपतीचं वाहन मूषक, तोही या 'मूस'चाच भाऊबंद.

इंग्रजीच्या वहीत मसलमधला 'सी' मुलं हमखास गाळतात, कारण तो उच्चारात नाही. पण 'मुस्कुलुस'मधला 'क' एकदा कानावर पडला की तो 'सी' तिथे का बसलाय ते कळतं. मस्क्युलर म्हणताना तर तो चक्क ऐकूच येतो. मग घोकावं लागत नाही.

[दृश्य : एड्रियाटिक समुद्र, क्रोएशियातल्या दुब्रोवनिक शहराची तटबंदी.]

1377. हे शहर तेव्हा रगूसा म्हणून ओळखलं जाई. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना थेट आत घ्यायचं नाही, असा इथल्या सभेने ठराव केला. आधी मर्कान बेटावर किंवा जवळच्या त्साव्तात गावात महिनाभर राहायचं, मगच वेशीतून आत. म्हणजे सुरुवात तीस दिवसांची. पुढे मुदत चाळिसावर गेली. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे 'क्वारांता', त्यावरून क्वारंटाइन. 2020 मध्ये आपण चौदा दिवसांनाही तेच म्हणत होतो. आकडा गेला, शब्द राहिला. गंमत म्हणजे 'क्वारांता' आणि आपला 'चाळीस' दूरचे का होईना, नातेवाईकच. संस्कृतातला 'चत्वारिंशत्' मध्ये ठेवला की नातं लगेच दिसतं.

[दृश्य : बेकरीच्या भट्टीतून पावाची लादी बाहेर येते.]

कंपॅनियन तर आपल्या नाश्त्यातच आहे. 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकर. एका भाकरीतले दोघे, ते कंपॅनियन. याच 'पानिस'चं रूप पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात उतरलं आणि त्याचा पाव झाला.

[दृश्य : लाकडी बुटांचा जोड.]

सॅबोटाज, म्हणजे मुद्दाम केलेली कामाची नासधूस, याची गोष्ट मात्र जपून ऐकावी. फ्रेंचमध्ये 'साबो' म्हणजे लाकडी बूट. चिडलेल्या कामगारांनी ते यंत्रात फेकले, असं सगळीकडे सांगतात. तसं घडल्याचा पुरावा नाही. 'साबोते' म्हणजे लाकडी बूट खडखडवत चालणं, त्यावरून काम कसंतरी उरकणं. 1897 मध्ये फ्रान्समधल्या तुलूझच्या कामगार अधिवेशनात कामगार चळवळीतले एमील पूजे यांनी हा शब्द लढ्याचं हत्यार म्हणून पुढे आणला : पगार हलका, तर कामही हलकं.

यंत्रात उडणाऱ्या बुटाचं चित्र माझ्या डोक्यातून काही जात नाही. मग त्यात मी एवढीच दुरुस्ती करतो. बूट पायातच ठेवतो, आणि कामगाराला मुद्दाम रेंगाळत, खडखडत कारखान्याकडे चालायला लावतो.