नऊ पॉइंट दोन म्हणजे नक्की किती टक्के?

(नाशिकमध्ये नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी दिलेलं हे व्याख्यान. बोललं तसंच ठेवलंय, फक्त मधला खोकलाबिकला काढलाय.)

बसा बसा, मागे उभे आहात ते पुढे या, खुर्च्या आहेत. सुरुवात एका पोराच्या गोष्टीने करतो. गेल्या महिन्यात कॉलेज रोडला एका नेट कॅफेत मी प्रिंट काढायला गेलो होतो, शेजारी एक मुलगा ऑनलाइन फॉर्म भरत होता, दहावीच्या टक्केवारीचा रकाना रिकामा, आणि हातात सीबीएसईची मार्कशीट. आता नाशिककराला सीबीएस म्हटलं की आधी बसस्टँडच आठवतो, पण हे बोर्ड वेगळं. मार्कशीटवर टक्के नाहीतच, सीजीपीए ९.२ एवढंच. कॅफेवाला म्हणतो ९२ टाक, दहाने गुणायचं असतं. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, काका, ९२ टाकू का? मी म्हटलं थांब, ९२ टाकलंस आणि पुढे कागद तपासताना कुणी बघितलं तर तुझीच पंचाईत होईल.

ही भानगड आली कुठून ते आधी सांगतो. २०१० ते २०१७ या काळात सीबीएसईच्या दहावीला मार्क छापायचेच नाहीत, ग्रेड द्यायची, अशी पद्धत होती. ९१ ते १०० ला ए-वन म्हणजे १० पॉइंट, ८१ ते ९० ला ए-टू म्हणजे ९, ७१ ते ८० ला बी-वन म्हणजे ८, असं खाली खाली. पाच मुख्य विषयांचे पॉइंट मिळवायचे, पाचने भागायचं, झाला सीजीपीए. सहावा जास्तीचा विषय यात धरायचा नाही. त्या वेळची पोरं आज चोवीस-पंचवीसच्या पुढची आहेत, नोकऱ्या शोधतायत, आणि फॉर्म बनवणाऱ्यांना अजून टक्केच हवेत. म्हणून बोर्डानेच नियम देऊन ठेवला होता, सीजीपीए गुणिले ९.५, म्हणजे अंदाजे टक्के. अंदाजे हा शब्द बोर्डाचा आहे हं, माझा नाही.

तर ९.२ गुणिले ९.५, किती? ८७.४. कॅफेवाल्याच्या ९२ पासून साडेचारच्या वर फरक.

आता ९.५ च का, १० का नाही? याचं कारण असं सांगतात की ए-वन मिळवणाऱ्या मुलांचे आधीच्या पाच वर्षांतले मार्क बघितले, त्यांची सरासरी ९५ च्या आसपास आली, १० पॉइंटला ९५ मार्क म्हणजे एका पॉइंटला साडेनऊ. झालं. पण यात एक गंमत दडलीय बघा. आकडा वरच्या टोकावरून काढला आणि तोच खालपर्यंत सगळ्यांना लावला. वरच्या मुलांना तो छान बसतो. सगळे ए-टू असतील तर सीजीपीए ९, गुणाकार ८५.५, आणि ८१ ते ९० चा मधला बिंदूही बरोबर ८५.५ च. पण सगळे सी-टू असतील, म्हणजे ४१ ते ५० च्या पट्ट्यात, तर सीजीपीए ५, गुणाकार ४७.५, आणि पट्ट्याचा मध्य ४५.५. दोन टक्के फुकट. उलट दहापैकी दहा वाल्याला ९५ च्या वर जाताच येत नाही, पोराने पाचही विषयांत ९९ मिळवले असले तरी ९५. माझ्या ओळखीतल्या एका आईला हे अजून पचलेलं नाही आणि मी तिला दोष देत नाही.

परत आपल्या ९.२ कडे. त्या मुलाच्या ग्रेड मी वाचल्या, दोन ए-वन, दोन ए-टू, एक बी-वन. दहा, दहा, नऊ, नऊ, आठ, बेरीज ४६, भागिले पाच, ९.२. आता खरे मार्क किती असू शकतात ते बघू, मी त्याच्याच फॉर्मच्या प्रिंटमागे पेनाने मांडून दाखवलं. कमीत कमी धरा, ९१, ९१, ८१, ८१, ७१, बेरीज ४१५, म्हणजे ८३ टक्के. जास्तीत जास्त धरा, १००, १००, ९०, ९०, ८०, बेरीज ४६०, म्हणजे ९२ टक्के. म्हणजे कॅफेवाल्याचं ९२ अगदीच अशक्य नव्हतं, पण त्यासाठी पाचही विषयांत पट्ट्याच्या अगदी टोकाला बसावं लागलं असतं. एवढं नशीब कुणाचं असतं हो.

आपल्याकडे कांदा निवडतात तसंच आहे हे. गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा. ढीग कुठला ते कळतं, पण ढीग बघून एकेका कांद्याचं वजन सांग म्हटलं तर कसं सांगणार? ग्रेड लावली तेव्हाच मार्क हरवले, गुणाकाराने ते परत येत नाहीत, मधलाच कुठलातरी आकडा मिळतो.

म्हणून ८७.४ मधल्या त्या पॉइंट चारला फार भाव देऊ नका. समोर ८७.४ आणि ८९.३ असे दोन उमेदवार असले तर दुसरा हुशार असं आपण पटकन म्हणतो. दुसऱ्याचा सीजीपीए ९.४, समजा दोन ए-वन आणि तीन ए-टू, तर त्याचे खरे टक्के ८५ ते ९४ मध्ये कुठेही. पहिल्याचे ८३ ते ९२. पहिल्याला खरे मार्क जास्त असू शकतात की. आणि हा फरकही मुळात बघा केवढा, पाच विषय असल्यामुळे सीजीपीए ०.२ च्या पायऱ्यांनीच चढतो, ९.२ नंतर एकदम ९.४, मग ९.६. त्याला ९.५ ने गुणलं की टक्के १.९ च्या पायऱ्यांनी चढतात. ८७.४, ८९.३, ९१.२, ९३.१, ९५. मधलं काही येतच नाही. मी फॉर्म तपासायचो तेव्हा ही माझी युक्ती होती, कुणी सीजीपीएवरून काढलेत म्हणून ९० टक्के लिहिले की लगेच कळायचं, काहीतरी हात मारलाय.

मग फॉर्ममध्ये लिहायचं काय? इथे दोन कामं वेगळी ठेवा, लोक ती एकत्र करतात. फॉर्ममध्ये नियमाने जे येतं ते जसंच्या तसं लिहायचं, ८७.४, दोन दशांश मागितले तर ८७.४०. वर ८८ नाही आणि खाली ८७ पण नाही. गंमत म्हणजे इथे राउंडिंग करायची वेळच येत नाही, ०.२ ची पट गुणिले ९.५, उत्तर एका दशांशातच संपतं. शेरा लिहायची जागा असेल तर लिहा, सीजीपीए ९.२, बोर्डाच्या नियमाने गुणिले ९.५. गुणक सांगितला की तपासणारा स्वतः गुणून बघतो, संशय संपला. आणि तोंडी कुणी विचारलं तर सत्त्याऐंशीच्या आसपास म्हणा, तिथे पूर्णांक पुरे.

आणि हो, गुणायच्या आधी राउंड करायचं नाही. ९.२ चे ९ केलेत आणि मग गुणलंत तर ८५.५, म्हणजे १.९ टक्के स्वतःच्या हाताने घालवले. जे काय राउंड करायचं ते शेवटी, एकदाच.

आता डिग्रीवाले. तुमच्यातले बरेच जण इंजिनिअरिंगचे दिसताय. तुम्ही हे ९.५ विसरा, ते दहावीच्या सीबीएसईचं आहे, त्या ग्रेडचे पट्टे वेगळे. प्रत्येक विद्यापीठाचा आपापला नियम असतो, आधी मार्कशीटच्या मागे बघा, नसेल तर परीक्षा विभागातून लेखी घ्या. इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीईचं एक कोष्टक आहे, त्यात ६.२५ ला ५५ टक्के, ६.७५ ला ६०, ७.२५ ला ६५. म्हणजे सीजीपीएतून ०.७५ वजा करायचे, मग दहाने गुणायचं. आता हेच ६.७५ घ्या. या नियमाने ६०. कुणी चुकून ९.५ लावलं तर ६४.१. कॅफेवाल्याच्या दहाने ६७.५. एकच पोरगं, एकच मार्कशीट, आणि साडेसात टक्क्यांचा फरक. म्हणून म्हणतो नुसते टक्के सांगू नका, कुठल्या नियमाने काढले तेही सांगा.

कटऑफजवळचं एक प्रकरण सांगतो, यात माझीच चूक होती. अंबडला एका कंपनीत होतो तेव्हा, नाव राहू द्या. ६० टक्के किंवा त्यावरच्यांना बोलवायचं होतं. एक्सेलमध्ये यादी केली, दशांश दिसायला घाण वाटतात म्हणून फॉरमॅटमध्ये शून्य दशांश केले. एका मुलीचा सीजीपीए ६.७४, पडद्यावर टक्के ६० दिसतायत, पण फिल्टर लावला की ती गायब. साहेब म्हणतात मशीन बिघडलं. मशीन ठीक होतं हो, सेलमध्ये आत ५९.९ होते, फॉरमॅटने फक्त दिसायला ६० केले होते. मग मी शहाणपणा केला, सरळ पूर्णांकात राउंड केलं, तर ती आली आणि तिच्याबरोबर ६.७१ वाले, ५९.६ वाले पण ६० होऊन आत आले. तेही चूक. शेवटी असं ठेवलं:

```
=ROUND((B2-0.75)*10, 1)
```

एका दशांशापर्यंत, सगळ्यांना सारखं, आणि ५९.९ म्हणजे ६० नाही. त्या मुलीचं वाईट वाटलं, पण नियम जाहिरातीत छापलेला होता. बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातीत तर स्पष्टच असतं, ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमी धरणार. तिथे तुम्ही ६० लिहिलंत आणि कागद तपासताना ५९.९ निघाले तर नोकरी जवळ येऊन हातची जाते, आणि खोटी माहिती दिली असा ठपका वर.

हं, विचारा. ताई विचारतायत की मुलाच्या फॉर्ममध्ये दशांश टाकताच येत नाही, नुसता पूर्णांकच घेतो, तिथे काय करायचं. बरोबर आहे, असे फॉर्म असतात. आधी सूचना वाचा, कधीकधी अपूर्णांक सोडून द्या असं लिहिलेलं असतं, तसं करा. काहीच लिहिलं नसेल तर ८७.४ चे ८७, हे नेहमीच्या राउंडिंगनेही ८७ च येतं म्हणून भांडण नाही. प्रश्न ५९.९ ला आहे, तिथे मी ५९ च लिहीन, आणि त्यांच्या मदतीच्या पत्त्यावर मेल करून विचारीन, आलेलं उत्तर जपून ठेवीन. मुलाचा सीजीपीए किती आहे ताई? ७.८? दहावीचा ना, सीबीएसई? मग गुणिले ९.५, ७४.१. चौऱ्याहत्तर लिहा, काही प्रॉब्लेम नाही.