बाँडवर सुटलेला खलाशी

(दृश्य: देवगड बंदर, जुलै. शाकारून ठेवलेल्या बोटी.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. या दोन महिन्यांत खलाशी घरी असतो, जाळी शिवतो, बोटीची डागडुजी करतो. जाळ्याची फाटलेली आस सुईने भरणारा हा तेवीस वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी न्यायालयाने बाँडवर, म्हणजे नीट वागायच्या आणि बोलावल्यावर हजर व्हायच्या लेखी हमीवर, सोडला. त्याचा चेहरा आणि नाव आम्ही दाखवत नाही.

जेटीवर बोट लावण्यावरून भांडण झालं आणि त्याने एकाला वल्ह्याने मारलं. गुन्हा शाबित झाला. पण १९५८च्या परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशनच्या, कायद्याचं कलम ४ न्यायाधीशांना आणखी एक वाट देतं. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर लगेच शिक्षा न सुनावता आरोपीला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बाँडवर सोडता येतं. याला दोन वर्षांचा बाँड मिळाला, जामीन राहिले मामा.

पॅरोलशी याची नेहमी गल्लत होते. पॅरोल म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची अभिवचन रजा. ती प्रशासन देतं आणि मुदतीत परत जेलमध्ये जावं लागतं. इथे शिक्षा अजून सुनावलेलीच नाही. ती न्यायाधीशांच्या हातात राखून ठेवलेली आहे.

(दृश्य: देखरेखीच्या आदेशाची प्रत, घड्या पडलेली.)

अटी अशा: दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजेरी. दारू नाही. पत्ता बदलला तर कळवायचं. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. या अटी समजावून सांगणं आणि आदेशाची प्रत त्याच्या व जामीनदाराच्या हातात देणं न्यायालयावर बंधनकारक आहे. जूनची हजेरी झाली, जुलैची झाली.

(दृश्य: १ ऑगस्ट, पहाट. बर्फ, डिझेल, शिधा बोटीवर चढतो आहे.)

मग हंगाम सुरू झाला. मासळीमागे बोट उत्तरेला गेली आणि मासळी उतरवली रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला. म्हणजे जिल्हा सुटला. ऑगस्टची तारीख चुकली, सप्टेंबरचीही. अधिकाऱ्याचा अहवाल न्यायालयात गेला.

इथून पुढचं नीट पाहायला हवं. अहवाल गेला म्हणजे बाँड रद्द झाला, असं नाही. कलम ९ खाली अट मोडल्याचं मानायला न्यायालयाला कारण दिसलं, तर ते अटक वॉरंट काढू शकतं किंवा साधं समन्स. घर पक्कं, मामा गावातच, म्हणून इथे समन्स निघालं, दोघांच्या नावे. त्यानंतर सुनावणी. बोटीचे प्रमुख, तांडेल, मालवणीत बोलले, "बोट भायर असताना तो येतलो खंयसून?" त्यांनी बोट कधी सुटली, कुठे लागली, ते तारखांसह सांगितलं. दारूची तक्रार नव्हती, नवं भांडण नव्हतं.

तरीही अट मोडली होती, हे मुलाने कबूल केलं. आता न्यायाधीशांपुढे दोन रस्ते होते. मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणं, किंवा पहिलीच चूक असल्याने बाँड तसाच चालू ठेवून जास्तीत जास्त ५० रुपये दंड करणं. तो दंड मुदतीत भरला नाही, तर पुन्हा मूळ शिक्षेचा रस्ता मोकळा. न्यायालयाने दंड केला. मामाने त्याच दिवशी भरला.

(दृश्य: न्यायालयाची पायरी, पावती हातात.)

आमचा आग्रह याच्या आधीच्या पायरीसाठी आहे. कलम ८ खाली परिवीक्षा अधिकारी स्वतः अर्ज करून बाँडच्या अटी बदलून मागू शकतो. जामीनदाराची संमती लागते आणि दोघांना म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, इतकंच. शिवाय गरज पडल्यास सुटलेल्या माणसासाठी योग्य काम शोधायचा प्रयत्न करणं हे कलम १४ने त्याच अधिकाऱ्यावर सोपवलेलं कर्तव्य आहे. या मुलाला काम होतंच. ते काम आणि हजेरीची तारीख एकमेकांना आडवी येणार, हे ३१ जुलैला बंदरातल्या कोणालाही सांगता आलं असतं. तो अर्ज जुलैत गेला असता, तर समन्सची वेळ आली नसती.

तो अर्ज सुनावणीनंतर झाला. मामाने संमतीची सही केली. आता महिन्याची ठरावीक तारीख नाही. बोट देवगडला लागली की तीन दिवसांत हजेरी. दुसऱ्या जिल्ह्याच्या बंदरात लागली तर त्याच दिवशी अधिकाऱ्याला फोन, आणि तांडेलाच्या वहीतली नोंद पुढच्या हजेरीला दाखवायची.

दंडावर सुटका मात्र पहिल्याच चुकीपुरती. पुन्हा अट मोडली तर कायद्यात उरते ती मूळ गुन्ह्याची शिक्षा.

(दृश्य: तांडेलाची वही जवळून. सुटण्याच्या आणि लागण्याच्या तारखा.)

आदेशाची एक झेरॉक्स आता तांडेलाकडेही आहे. बोट परजिल्ह्यात लागणार असं ठरलं की ते मुलाला आधी फोन करायला लावतात, मग मासळी उतरवायला घेतात.