दीडशे चमचे

नमस्कार श्रोतेहो. पाऊस लागला, पंचगंगेचं पाणी गढूळ झालं, की दवाखान्यात जुलाबाची लेकरं यायला लागतात. ओआरएसची पुडी आता बहुतेक घरात असते. पण ती पुडी किती पाण्यात घालायची आणि ते पाणी कसं पाजायचं, इथं गाडी अडते. म्हणून आज फक्त तेवढंच बोलू, आणि सोबत झिंकच्या गोळीचं.

करवीर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी गावातले वस्ताद नातवाला खांद्यावर टाकून आले. सत्तरी ओलांडलेले, कान मोडलेले, मान अजून खांबासारखी. मागं सून, तिच्या हातात स्टीलचा पेला. नातू चौदा महिन्यांचा. आदल्या रात्रीपासून जुलाब आणि दोन उलट्या. पोरगं किरकिर करत होतं, डोळे खोल गेलेले, पाण्याचं भांडं दिसलं की झडप घालत होतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट न होता सावकाश खाली बसली. शरीरातलं पाणी कमी झाल्याच्या या खुणा.

पेल्यात काय आहे विचारलं. वस्ताद म्हणाले, "पुडी घातलीया. आख्खी. पोरगं अशक्त झालंय, पाणचट देऊन काय उपेग?" एक लिटरची पुडी एका पेल्यात! नशीब, पोरानं दोन चमच्यांनंतर तोंड फिरवलं होतं. ते पाणी मी बेसिनमध्ये ओतलं तसे वस्ताद माझ्याकडं असे बघायला लागले, की मी खुराकाचं दूधच सांडलंय.

आता हे नीट ऐका. पुडीतल्या साखरेच्या जोरावर आतडं मीठ आत ओढतं आणि मिठामागून पाणी आत जातं. हे प्रमाण मोजून ठेवलेलं आहे. घट्ट केलं तर उलटं होतं. पाणी आतड्यात खेचलं जातं, जुलाब वाढतात, आणि रक्तात मीठ चढलं तर पोराला झटके येऊ शकतात. म्हणून मोठी पुडी असेल तर एक लिटर पाणी, पुडी आख्खी. दुकानात २०० मिलीची छोटी पुडीही मिळते, तिला एक पेला. पुडीवर आकडा छापलेला असतो, तो वाचायचा. पुन्हा सांगते, मोठी पुडी, एक लिटर, आख्खी. अर्धी आज, अर्धी उद्या असं नाही. वरून साखर, मीठ, दूध काही नाही. पाणी उकळून गार केलेलं, आणि कालवलेलं चोवीस तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं.

तर वस्तादांच्या नातवाचं वजन भरलं दहा किलो. पाणी कमी झालेल्या लेकराला पहिल्या चार तासांत किलोमागं ७५ मिली द्यायचं असतं. दहा किलोला ७५० मिली. चहाचा एक चमचा ५ मिलीचा, म्हणजे चार तासांत दीडशे चमचे. मी हिशोब सांगितला तशी सून घाबरली. वस्ताद म्हणाले, "दीडशे? आवं डॉक्टरबाई, पाच मिंटात पाजतो. वाटीच लावतो तोंडाला."

तेच तर करायचं नाही. तहानलेलं पोर वाटी घटाघटा पितं आणि सगळं उलटून टाकतं. मी म्हटलं, "वस्ताद, पोरगं बैठका मारतंय असं समजा. दर मिनिट-दीड मिनिटाला एक, आणि मोजायचं तुम्ही." गडी खूश. व्हरांड्यातल्या बाकावर मांडी ठोकून बसले, नातवाला मांडीवर थोडं उभट धरलं, आणि सूर लावला. "एक... दोन... तीन..." ओपीडीची रांगही त्यांच्याबरोबर मोजायला लागली.

(तालमी ओस पडल्या हो. लाल मातीत मोजून मेहनत करणारी पोरं आता आरशासमोर मशीन ओढतात आणि डब्यातली पावडर खातात. असू दे.)

चाळिसाच्या पुढं कुठंतरी पोरानं भडाभडा ओकलं. सून रडायलाच लागली, "आबा, समदं वाया गेलं, सलाईन लावूया." इथंच बहुतेक घरं हात टेकतात. पण उलटी झाली म्हणजे ओआरएस सोसत नाही असं नाही. दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू करायचं, पण आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. वस्तादांना पटलं. "दम घेऊ द्या पोराला," म्हणाले, आणि घड्याळ बघत बसले. पुढं उलटी झाली नाही. मधेमधे आईनं अंगावरही पाजलं. दुपारपर्यंत पोरानं लंगोट ओला केला, चिमटीतली कातडी सोडल्याबरोबर सपाट झाली, आणि ते आजोबांची मिशी ओढायला लागलं.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर चार टक्क्यांच्या खाली आला. आपल्याकडं अजून बाटली लटकल्याशिवाय डॉक्टरनं काही केलं असं वाटत नाही.

घरी काय करायचं? तिथं किलोचा हिशोब नको. पोर खेळतंय, पितंय, फक्त जुलाब आहेत, तर प्रत्येक जुलाबानंतर द्यायचं. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर पाच चमचे, आणि दवाखान्यात दाखवायचं. दोन महिने ते दोन वर्षं, पाव ते अर्धा पेला. दोन वर्षांच्या पुढं अर्धा ते एक पेला. प्रत्येक जुलाबानंतर, आणि चमच्यानं. खोक्यातली गोड सरबतं ओआरएस म्हणून घेऊ नका, त्यातल्या जास्त साखरेनं जुलाब वाढतात. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण, केळं चालू ठेवा. पोट रिकामं ठेवून जुलाब थांबत नाहीत.

आता झिंक. सहा महिन्यांच्या पुढं रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांत अर्धी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की विरघळते. चौदा दिवस. वस्ताद चौथ्या दिवशी पाकीट परत घेऊन आले, "थांबलं की जुलाब, गोळ्या उरल्या." मी ते पाकीट त्यांच्याच खिशात घातलं. ओआरएस पाणी भरून काढतं, झिंक आतड्याचं अस्तर सावरायला मदत करतं, आणि पूर्ण दिल्यावर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. तर चौदा दिवस, जुलाब थांबले तरी चौदा दिवस. गोळी दिल्यावर अर्ध्या तासात ओकलं तर पुन्हा द्या.

आणि शौचातून रक्त आलं, पोर सुस्तावलं, पिईनासं झालं, सारखं ओकायला लागलं, ताप चढला, किंवा डोळे खोल गेले, तर घरी चमचे मोजत बसू नका. लगेच दवाखाना गाठा, आणि वाटेतही चमचा चालू ठेवा, पोर शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तरच.

नमस्कार.