शुभेच्छेतली उसनी ओळ

(वाचक मंडळातल्या बोलण्याचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे एक नवंच काम आलंय. कुणाच्या सासऱ्यांची एकसष्टी असली, कुणाच्या साहेबांची पन्नाशी असली, की मला फोन येतो, "सर, मेसेजमध्ये टाकायला एखादी छानशी ओळ सांगा ना." ओळ सांगायला काही हरकत नाही. पण ती ओळ पुढे काय काय करते, हे मी बघत आलोय. आज त्याविषयी बोलतो.

सगळ्यात जास्त बळी जातो तुकोबांच्या अभंगाचा. 'लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा.' आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने हीच ओळ आपल्या साहेबांच्या पन्नाशीला ग्रीटिंगवर छापून घेतली. त्याच्या मनात काय होतं, तर बालपणीचे दिवस, गोट्या, पतंग. साहेब निघाले कीर्तनं ऐकणारे. ते हसून म्हणाले, "अरे, पुढची ओळ पाठ आहे का?" पुढची ओळ आहे 'ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार.' आणि तिच्याही पुढे 'ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण.' म्हणजे ज्या दिवशी माणसाच्या मोठेपणाचा सत्कार करायचा, त्याच दिवशी त्याला सांगितलं की मोठ्यांना मार बसतो! तुकोबांचं लहानपण म्हणजे बालपण नव्हे, ते नम्रपण आहे. शेवटी ते स्वतःच सांगतात, 'व्हावे लहानाहून लहान.' एखाद्या खरोखर साध्या राहिलेल्या माणसाला हा अभंग लिहून पाठवा, ओळीचं सोनं होईल. पण तेव्हा तो साधेपणा तुम्ही कुठे पाहिलात, हेही लिहावं लागेल.

म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो, पुढची ओळ वाचलीत का? उसनी ओळ एकटी येत नाही, मागचंपुढचं गाठोडं घेऊनच येते. गाण्याचं तर विचारूच नका. मुखडा गोड असतो म्हणून आपण उचलतो. ज्याला गाणं पाठ आहे त्याच्या मनात चालही वाजते, आणि ती चाल त्याला अंतऱ्यापर्यंत नेऊन सोडते. अंतरा निघतो विरहाचा. बायकोच्या वाढदिवसाला सकाळी सकाळी विरह!

संस्कृतचंही तसंच. आपल्याकडे फ्लेक्सवर, केकवर सर्रास 'जीवेत शरदः शतम्' लिहितात. वेदातले मूळ शब्द आहेत 'पश्येम शरदः शतं, जीवेम शरदः शतम्'. जीवेम म्हणजे आम्ही जगावं, आम्ही शंभर शरद पाहावेत. ती स्वतःसाठी केलेली प्रार्थना आहे. दुसऱ्याला द्यायची म्हणून तिचं 'जीवेत्' झालं, म्हणजे त्याने जगावं. आणि फ्लेक्सवाल्याने तचा पाय मोडला नाही, की होतं 'जीवेत', म्हणजे तुम्ही सगळ्यांनी जगावं. आता हे आदरार्थी बहुवचन समजून आपण सोडून देऊ. माझा आक्षेप व्याकरणाला नाहीच, शंभर या आकड्याला आहे. आमच्या शेजारच्या आजी शहाण्णव वर्षांच्या. नातवाने हे वाचून दाखवल्यावर त्या बोटं मोजून म्हणाल्या, "म्हणजे चारच राहिली होय रे?" त्यापेक्षा आपलं 'उदंड आयुष्य' बरं, त्यात आकडाच नाही.

एक अडचण खास मराठीची आहे. कवितेतला 'तू' कवितेत शोभतो. तोच सासऱ्यांना पाठवला की अरेतुरे होतं. मग लोक 'तुझ्या'चं 'आपल्या' करतात. एक मात्रा नाही, दोन मात्रा वाढतात आणि ओळ लंगडायला लागते. कवितेची सवय असलेल्या कानाला ते लगेच खटकतं. अशा वेळी कवीला त्रास देऊ नये, सरळ गद्यात लिहावं.

फोनवर फिरणाऱ्या यमकांबद्दल फार बोलत नाही. 'पाठीशी हजारो सूर्य तळपत राहोत' असं एक आहे. नागपूरला मे महिन्यात जन्मलेल्या माझ्या मेहुण्याला ते दरवर्षी चार जण पाठवतात. तो म्हणतो, एकच पुरे झालाय.

आता एक मजकूर सविस्तर सांगतो, कारण तो माझ्यासमोर तीनदा लिहिला गेला. आमच्या इमारतीतली एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. मावशीची साठी होती. या मावशीकडेच ती दहावीपर्यंत राहिली. पहिल्या खेपेला तिने लिहून आणलं ते हजारो सूर्यांचंच. मी म्हटलं, हे तू तुझ्या बँक मॅनेजरलाही पाठवू शकशील. दुसऱ्या खेपेला आईच्या थोरवीवरची कवितेची आठ ओळींची ओवाळणी, आणि खाली तिचं स्वतःचं एकच वाक्य, 'रविवारी जेवायला येते.' त्या आठ ओळींनी सूर इतका वर नेला होता की ते वाक्य धप्पकन खाली पडलं. खरं तर मावशीला त्यातलं तेवढंच कामाचं होतं. शिवाय ती कविता आईवर. मावशीला ती पाठवायची तर 'आईसारखी' हे तिने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं होतं, कवीकडून वदवून घ्यायला नको.

मग मी तिला विचारलं, मावशी स्वतः काय म्हणायची? ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी रोज भाजीतून उरलेली चिल्लर पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि टाकताना म्हणायची, थेंबे थेंबे. पुढचं तळं कधी बोलायचीच नाही."

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण इतकी घासून गुळगुळीत झालेली, की निबंधात आली तर मी लाल शाईने रेघ मारली असती. पण इथे ती सगळ्या मराठी लोकांची राहिली नव्हती, त्या दोघींची झाली होती. तिसरा मजकूर असा झाला: 'मावशी, माझी सहावीची सहल त्या डब्यातून झाली होती, ते तू आईला कधी सांगितलं नाहीस. पहिल्या पगारातून तुझ्यासाठी साडी घेतलीय, रविवारी घेऊन येते. थेंबे थेंबे!'

बघा, म्हण शेवटी आली, आधी सहल आली. क्रम उलटा असता तर म्हणीने उपदेश केला असता. आणि अर्धीच लिहिली, कारण मावशी अर्धीच म्हणायची; उरलेली तिने मनात पुरी करायची. या मुलीला पूर्ण म्हण लिहायचा मोह झालाच होता, बरं का. मी शिक्षक असूनही म्हटलं, राहू दे अपुरी.

हाच मजकूर दुसऱ्या कुणी वाचला तर त्याला काहीच कळणार नाही. कौटुंबिक ग्रुपवर टाकायचा असता तर मी वेगळा सल्ला दिला असता. तिथे डब्याची गोष्ट फोडायची की नाही हे मावशीला विचारायला हवं होतं, कारण तिची बहीण, म्हणजे हिची आई, त्याच ग्रुपवर!

मेसेज गेला सकाळी सातला. मावशीचं उत्तर दुपारी आलं, ते या मुलीने मला फोनवर दाखवलं: 'साडी केवढ्याला पडली? पावती ठेव.'